वाफ दिसली पाहिजे : खिडकीचा उजेड, हातातला फोन आणि पाटवडी रस्सा



आपल्यापैकी बऱ्याच गटांनी आता रस्त्याकडेला खाणावळी चालवायला घेतल्या आहेत. पाटी रंगवून लावली, दर लिहिले, तरी गिऱ्हाईक विचारतं, "ताई, आज काय आहे ते फोनवर टाका ना." मग कुणीतरी ताटाचा व्हिडिओ काढते. रस्सा घरात लालभडक असतो आणि फोनवर मातकट दिसतो. वाफ तर दिसतच नाही. आज मी एवढंच सांगणार आहे, की पाटवडी रश्श्याचा अठरा सेकंदांचा व्हिडिओ नुसता फोन आणि खिडकी एवढ्यावर कसा काढायचा. दिवे नकोत, स्टँड नको, विकतचं काही नको. मात्र हातात फोन घेण्याआधी वही आणि पेन्सिल घ्यायची.

वही कशाला, ते आधी सांगते. सिनेमावाले चित्रीकरणाआधी प्रत्येक दृश्याचं छोटं चित्र काढून ठेवतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात, आपण चित्रपाटी म्हणू. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' काढायला घेतला तेव्हा त्यांच्याकडे नेहमीसारखी लिहिलेली पटकथा नव्हती, चित्रांची वही होती. त्यांचा हात चित्रकाराचा होता. आपला नसला तरी बिघडत नाही. गोल म्हणजे ताट, तिरपी रेघ म्हणजे डाव, चौकोन म्हणजे खिडकी, एवढं सगळ्यांना काढता येतं. चित्रपाटीचा खरा उपयोग हा, की रस्सा गरम असतो तेवढ्या दोन-तीन मिनिटांत "आता काय घेऊ गं?" असं कुणी कुणाला विचारत बसत नाही. उकळता रस्सा आपल्यासाठी थांबत नाही.

वहीच्या पानावर सहा उभे चौकोन आखा. उभे, कारण लोक फोन उभा धरून बघतात. प्रत्येक चौकोनाखाली तीन गोष्टी लिहायच्या. खिडकी कुठे, हात काय करतो आणि किती सेकंद.

आता खिडकीकडे येऊ. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड येतो, म्हणून ती सगळ्यात सोयीची. पूर्वेची असेल तर ऊन वर चढून खिडकीतून निघून जाईपर्यंत थांबा. पश्चिमेची असेल तर सकाळीच उरका. आणि थेट ऊन येतंच असेल तर खिडकीवर धुतलेलं पांढरं धोतर किंवा मलमलची ओढणी एकपदरी ताणून बांधा. थेट उन्हात तर्री चमकते खरी, पण ताटाची कड पांढरीफक पडते आणि वडीखाली काळीकुट्ट सावली येते. कापडातून गाळलेल्या उजेडात दोन्ही निवळतं.

मेज किंवा पाट खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा. खोलीच्या मधोमध ठेवलात तर डोळ्याला उजेड पुरेसा वाटतो, पण फोनला तो कमी पडतो आणि चित्रात बारीक वाळू पसरल्यासारखे कण दिसायला लागतात. आणि घरातले दिवे बंद करायचे, सगळे. हे बायकांना पटत नाही. उजेड वाढवायचा तर दिवे बंद का करायचे? कारण बल्बचा उजेड पिवळा आणि खिडकीचा निळसर. दोन्ही एकत्र पडले की फोन गोंधळतो आणि रस्सा एका बाजूने पिवळा, दुसऱ्या बाजूने राखाडी दिसतो. शिवाय काही दिव्यांखाली व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. तसे पट्टे दिसले की समजा, कुठेतरी दिवा चालू राहिलाय.

आता डोळे मिटून एक कल्पना करा. ताट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, मेजावर आडवं ठेवलेलं. फोन नेहमी सहाच्या आकड्यावर, म्हणजे तुमच्या पोटापाशी. मग खिडकी नऊवर आहे, दहावर आहे की बारावर, एवढं सांगितलं तरी कुठलाही उजेड दुसरीला समजावता येतो. खिडकी नऊवर असेल तर उजेड बाजूने येतो आणि वडीवरची खोबऱ्याची कीस, कोथिंबीर, सुरीने पडलेली कड सगळं उठून दिसतं. खिडकी दहावर असेल तर उजेड थोडा मागून येतो. ओल्या वस्तू, तेल आणि वाफ यांना हाच उजेड लागतो. खिडकी सहावर, म्हणजे तुमच्या पाठीमागे असेल, तर तुमचीच सावली ताटात पडते आणि पदार्थ भिंतीला चिकटवलेल्या चित्रासारखा सपाट दिसतो. मी बघितलेले फसलेले व्हिडिओ बहुतेक याच कारणाने फसलेले होते. बायका उजेडाकडे पाठ करून उभ्या राहतात, कारण फोटो काढताना आपल्याला तसंच शिकवलेलं असतं.

नऊवर खिडकी असली की तीनच्या बाजूला सावली पडते. तिथे थर्माकोलचा पांढरा तुकडा किंवा पांढरा पुठ्ठा उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत ताटात येतो. ही युक्ती मोठ्यांचीही आहे. 'अपराजितो'च्या वेळी छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी पांढरं कापड ताणून त्यावर दिव्यांचा उजेड मारला आणि तो परतवून दिवसाच्या उजेडासारखा केला. आपल्याकडे पुठ्ठा आहे आणि दिवसाचा उजेड फुकट आहे.

फोनचं थोडक्यात सांगते. मागचा कॅमेरा वापरायचा. त्याची काच सुती कापडाने पुसायची, कारण स्वयंपाकघरातला फोन तेलकट असतोच आणि तेलकट काचेतून सगळं धुक्यातलं दिसतं. विमानाचं चित्र असतं ती खूण दाबायची, म्हणजे मध्येच फोन येऊन चित्रीकरण तुटणार नाही. दोन बोटांनी चित्र मोठं करायचं नाही, फोनच जवळ न्यायचा. पण वीतभरापेक्षा जवळ गेलात तर बऱ्याच फोनना नीट दिसत नाही. संथ गतीचं चित्रण, म्हणजे स्लो मोशन, खिडकीच्या उजेडात करू नका. त्याला उजेड फार लागतो आणि रस्सा काळपट होतो.

एक गोष्ट मात्र सावकाश सांगते, कारण तीच कुणी करत नाही. पडद्यावर पुढच्या वडीवर बोट ठेवा आणि तसंच दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये कुलपाची खूण येते, आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरं येतात. मग शेजारी सूर्याची खूण दिसते, ती बोटाने किंचित खाली ओढा, म्हणजे चित्र जरासं गडद होईल. हे कुलूप लावलं नाही तर काय होतं? स्टीलचा डाव चौकटीत आला की फोनला वाटतं उजेड वाढला. तो सगळं चित्र अंधारं करतो. डाव गेला की परत उजळ करतो. बघणाऱ्याला कुणी दिवा चालू-बंद करतंय असं वाटतं. कधी फोन वडी सोडून डावावरच नजर लावतो आणि नेमकी वडी अस्पष्ट होते. कुलूप लावलं की दोन्ही थांबतं. मात्र फोन किंवा ताट हलवलं की कुलूप नव्याने लावायचं.

आता आपली चित्रपाटी. आपल्याला उलगडा करायचाय, म्हणजे काहीतरी आधी झाकून ठेवायला हवं. पाटवडी रश्श्यात झाकायचा तो रस्सा. पाचव्या चौकोनापर्यंत रश्श्याचा एक थेंबही दाखवायचा नाही.

पहिला चौकोन, दोन सेकंद. झाकलेली कढई, कडेने वाफेची बारीक रेघ, आत रटरट आवाज. एक हात येतो, कापडाने झाकणाची मूठ धरतो. झाकण उचलायचं नाही, तिथेच चित्र तुटतं. खिडकी दहावर, मागे काळं कापड.

दुसरा चौकोन, तीन सेकंद. ताटात थापलेलं पिठलं वरून दिसतं, त्यावर खोबरं आणि कोथिंबीर. सुरी तिरपी फिरते, शंकरपाळ्यासारखे चौकोन पडतात. खिडकी नऊवर, पुठ्ठा तीनवर. वरून चित्र घ्यायला फोन हातात धरला तर थरथरतो. दोन उंच डबे ठेवा, त्यांवर फळी टाका, फळीच्या कडेबाहेर फोनचा कॅमेरा जेमतेम येऊ द्या आणि फोन पडू नये म्हणून त्याच्या मागच्या भागावर धान्याची छोटी पिशवी ठेवा. फळीची सावली ताटावर पडत नाही ना, ते आधी बघा. पडत असेल तर डबे आणखी उंच घ्या.

तिसरा, दोन सेकंद. दोन बोटांनी एक वडी सुटी होते आणि उचलली जाते. वडी किंचित वाकते पण मोडत नाही. एवढंच दाखवायचं, कारण वडी जमलीय की नाही हे जाणती बाई त्या वाकण्यावरून ओळखते. खिडकी नऊवर, फोन खाली, वडीच्या उंचीवर.

चौथा, तोही दोनच सेकंद. खोलगट ताटलीत सहा वड्या मांडलेल्या, कोरड्या. हात बाहेर जातो. इथे बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? तसं वाटू द्या.

पाचवा चौकोन हा आपला उलगडा, पाच सेकंद. फोन ताटलीच्या काठापेक्षा थोडा वर. वरून डाव येतो, तर्रीसकट रस्सा वड्यांच्या मधोमध पडतो, वड्यांच्या भोवती पसरतो आणि वाफ उठते. खिडकी दहावर. बाराच्या बाजूला, ताटलीपासून दोन-तीन हात मागे, काळं कापड किंवा गडद घोंगडी.

इथे थांबून वाफेचं बोलते. वाफ म्हणजे पाण्याचे अगदी बारीक थेंब. मागून किंवा बाजूने उजेड आला तरच ते चमकतात आणि मागे काळोख असला तरच ते चमकणं दिसतं. पांढऱ्या भिंतीपुढे कितीही वाफ असू द्या, दिसायची नाही. काळं कापड ताटलीला चिकटून लावू नका, नाहीतर खिडकीचा उजेड त्याच्यावरही पडतो आणि काळं राखाडी होतं. खिडकी स्वतः मात्र चौकटीत येता कामा नये. ती आली की फोन तिच्याकडे बघून सगळं अंधारं करतो. पंखा बंद हवा. आणि शक्यतो सकाळची गार वेळ धरा. गार हवेत वाफेचे थेंब लवकर बनतात, वैशाखातल्या दुपारी तेवढ्याच गरम रश्श्यावर वाफ फिकी दिसते. काही जणी वाफेसाठी ताटामागे उदबत्ती लावतात. मला ते पटत नाही. धूर बारीक दोऱ्यासारखा एका जागेवरून वर जातो, वाफ पूर्ण पृष्ठभागावरून उठते. रोज रस्सा करणाऱ्या बाईला फरक लगेच कळतो आणि आपली गिऱ्हाइकं तीच किंवा तिचा नवरा.

सहावा चौकोन, चार सेकंद. पूर्ण ताट. भाकरी, कांदा, लिंबू, रस्सा. एक हात भाकरीचा तुकडा मोडतो, रश्श्यात बुडवतो. खिडकी नऊवर. वरच्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडा, तिथे खाणावळीचं नाव आणि जेवणाची वेळ लिहायची.

दोन, तीन, दोन, दोन, पाच, चार. झाले अठरा सेकंद.

आता गंमत अशी, की ज्या क्रमाने दाखवायचं त्या क्रमाने काढायचं नाही. पाहा, एका गटाच्या खाणावळीत आम्ही हे कसं केलं. तिथे जेवणावळ बाराला सुरू होते, म्हणून काम दहाला सुरू करायचं ठरलं. आधी खिडकी नऊवर असलेली गार कामं, म्हणजे दुसरा, तिसरा आणि चौथा चौकोन. पिठलं थापून निवलेलं होतंच. मग त्याच मेजावर फोनची जागा बदलली, म्हणजे खिडकी आपोआप दहावर आली. खिडकी हलत नाही, आपणच घड्याळ फिरवायचं. काळी घोंगडी मागे दोरीवर टाकली.

पाचव्या चौकोनासाठी तीन ताटल्या वड्या मांडून ठेवल्या. पहिली नुसती जागा पाहायला. तिच्यावर फोनचं कुलूप लावायचं, रिकामा डाव घेऊन रंगीत तालीम करायची, डाव कुठून येतो, हाताची सावली कुठे पडते ते बघायचं. वाढणारी उजव्या हाताची असेल आणि खिडकी डावीकडे असेल तर हाताची सावली ताटलीबाहेर पडते. खिडकी उजवीकडे असली तर नेमकी वड्यांवर पडते. तिथे तालमीत हेच दिसलं, म्हणून वाढणाऱ्या ताईंनी डाव डाव्या हातात घेतला. त्यांना ते अवघड गेलं, पण तीनदा पाण्याने सराव केल्यावर जमलं.

मग दुसऱ्या चुलीवर रस्सा उकळला. उकळला की लगेच घेतला नाही. आच बंद करून झाकण ठेवलं आणि दोन मिनिटं थांबलो, म्हणजे तर्री वर येते. त्याच वेळात पहिला चौकोन, झाकलेल्या कढईचा, उरकून घेतला. मग तालमीची ताटली काढून त्याच जागी दुसरी ठेवली. जागा चुकू नये म्हणून मेजावर खडूने गोल आखला होता. फोन सुरू केला, मनात दोन आकडे मोजले आणि मग डाव आत आला. वरची तर्री घेऊन, ताटलीपासून वीतभर उंचीवरून, बारीक धारेने. फार उंचावरून ओतलं तर कडेला शिंतोडे उडतात, अगदी जवळून ओतलं तर धारच दिसत नाही. डाव निघून गेल्यावरही दोन आकडे फोन चालू ठेवला. मागचेपुढचे हे दोन सेकंद जोडणी करताना कापायला लागतात.

पहिल्या खेपेला एक वडी धारेने घसरून काठाला गेली. म्हणून तिसरी ताटली. आधीचीच पुसून परत वापरता येत नाही, कारण वडी रस्सा पिते. चार-पाच मिनिटांत फुगते, कडा मऊ पडतात, खोबरं रश्श्यात तरंगायला लागतं. तिसऱ्या ताटलीला धार वडीवर नाही, दोन वड्यांच्या मधल्या जागेत सोडली. रस्सा खालून वर चढला, वड्या जागच्या हलल्या नाहीत आणि खोबरं पांढरंच राहिलं. तीच खेप ठेवली. सगळ्यात शेवटी पूर्ण ताट. साडेअकराला मेज मोकळं झालं होतं. तालमीच्या ताटलीतल्या वड्या कोरड्याच होत्या, त्या जेवणावळीला गेल्या.

प्रत्येक चौकोन काढल्यावर लगेच फोनवर बघा, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून. तीन ठिकाणी नजर टाका. ताटलीची कड कोरी पांढरी झाली असेल, तिथली घडण दिसत नसेल, तर सूर्याची खूण आणखी खाली ओढून परत घ्या. जळून पांढरा झालेला भाग नंतर कशानेही परत येत नाही. थोडं गडद झालेलं मात्र नंतर उजळता येतं. दुसरं, पुढची वडी स्पष्ट आहे का. तिसरं, चित्रावर धुकं आलंय का. पाचव्या चौकोनानंतर फोनच्या काचेवर वाफ बसतेच, ती पुसल्याशिवाय सहावा घेऊ नका.

आणखी एक बारकी गोष्ट. सहाही चौकोनांत हात एकीचाच हवा आणि बांगड्या त्याच हव्यात. सावलीही एकाच बाजूला पडायला हवी. तिसऱ्यात हिरव्या बांगड्या आणि पाचव्यात मोकळा हात असला तर लोकांचं लक्ष रश्श्यावरून उडून हातावर जातं. म्हणूनच सगळं एका बैठकीत करायचं. ढग येऊन उजेड बदलला तर थांबा. अर्धं काम ढगात आणि अर्धं स्वच्छ उजेडात झालं तर एकच रस्सा दोन रंगांचा दिसतो.

जोडणी फोनमधल्याच साध्या ॲपवर होते. तुकडे ओळीने लावा, मागचंपुढचं कापा. रंग वाढवण्याचं बटण असतं, ते सोडून द्या. लाल वाढवला की तर्री शेंदरी दिसते आणि खोबरंही लालसर होतं. आवाज खरा ठेवा. कढईची रटरट, सुरी ताटाला लागते तो आवाज, धार पडते तो आवाज. म्हणून चित्रीकरणाच्या वेळी मिक्सर बंद ठेवायला घरच्यांना आधीच सांगा. तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून एकीकडून दुसरीकडे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन पुसट होतो.

आणि ताटलीत सहा वड्या दाखवल्या असतील तर गिऱ्हाइकालाही सहाच वाढा. लोक मोजतात.

इतर पदार्थांना हीच वही चालते, फक्त झाकायचं काय ते बदलतं. भरल्या वांग्याला आतलं सारण झाकायचं आणि पाचव्या चौकोनात वांगं दोन बोटांनी उघडायचं. पुरणपोळीला वाफ कमी, तिथे तुपाची धार आणि पोळी फाटल्यावर दिसणारं पुरण. तिथे काळं कापडही लागत नाही, खिडकी नऊवर पुरते. थालीपिठाला मात्र उलगडा मधल्या भोकाचा नाही, उलटल्यावर दिसणाऱ्या खरपूस बाजूचा. तो उलटण्याचा क्षण एकदाच येतो, म्हणून पिठाचे चार गोळे जास्तीचे मळून ठेवा.